‘रिनोव्हेशन’ एवढ्या एका शब्दावर कमिटी परवानगी कशी देईल?

पत्र

नमस्कार ताई. मुलुंडला चौथ्या मजल्यावर आमचा टू-बीएचके आहे. इमारत वीस वर्षांची. दोन्ही बाथरूम फोडून नव्याने करायच्या आहेत आणि किचनचा ओटा बदलायचा आहे. काम चालू असताना आम्ही दिरांकडे राहायला जाणार. मी सोसायटीला अर्ज दिला: ‘आम्हाला फ्लॅटचे रिनोव्हेशन करायचे आहे, तरी परवानगी द्यावी, ही विनंती.’ सेक्रेटरींनी त्यावर ‘कामाचे स्वरूप, कालावधी व कंत्राटदाराचा तपशील द्यावा’ असा शेरा मारून परत पाठवला. खालच्या काकू तर आत्ताच म्हणतायत की आमच्याकडे गळलं तर बघा. कंत्राटदार म्हणतो, ‘कशाला एवढं लिहिता, तोंडी सांगा आणि करू सुरू.’ नेमकं काय आणि किती लिहू?

– एक वाचक, मुलुंड

उत्तर

कंत्राटदाराचं ऐकू नका. तोंडी परवानगीवर काम सुरू झालं आणि तिसऱ्या दिवशी कुणी तक्रार केली, की ‘मी तर फक्त रंगकाम समजलो होतो’ म्हणणारे पहिले चेअरमनच असतात. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या २०१४ च्या आदर्श उपविधींप्रमाणे फ्लॅटमध्ये फेरबदल करायचे तर कमिटीची आगाऊ लेखी परवानगी लागते आणि तपशिलासह अर्ज सेक्रेटरींकडे द्यायचा असतो. तुमच्या सोसायटीने हे उपविधी स्वीकारले असतील तर अर्जाचा छापील नमुनाही ऑफिसात असेल, तो मागून घ्या. पण त्या नमुन्यात दोन-चार ओळींचीच जागा असते. खरा मजकूर सोबतच्या पत्रातच जातो.

मी आमच्या सोसायटीची आठ वर्षं सेक्रेटरी होते. असे अर्ज पुष्कळ वाचले, परतही पाठवले. टेबलाच्या पलीकडे बसलेल्या माणसाला तुमच्या टाइल्स कुठल्या रंगाच्या आहेत याच्याशी काही घेणं नसतं. इमारतीच्या सांगाड्याला धक्का लागणार का, खालच्या घरात पाणी उतरणार का, आणि जिन्यात-गच्चीवर-गेटपाशी किती दिवस राडा पडून राहणार, एवढंच त्याला हवं असतं. अर्ज लिहिताना समोर कमिटी आहे असं समजूच नका. खालच्या काकू चष्मा लावून वाचतायत असं समजून लिहा.

कामाच्या स्वरूपापासून सुरुवात करू. ‘बाथरूमची दुरुस्ती’ याचा अर्थ नळ बदलण्यापासून स्लॅबपर्यंत खोदण्यापर्यंत काहीही होऊ शकतो. म्हणून किती खोल जाणार ते लिहायचं. तुमच्या इमारतीच्या वयाच्या बऱ्याच इमारतींत बाथरूमचा स्लॅब बाकी घरापेक्षा खाली घेतलेला असतो. त्याला ‘संकन’ म्हणतात. त्या खळग्यात नहाणी ट्रॅप आणि सांडपाण्याचे पाइप टाकून वरून विटांच्या तुकड्यांचा कोबा भरलेला असतो. हे ओळखायला काकूंच्या बाथरूममध्ये जाऊन वर बघा. त्यांच्या बाथरूमचं छत बाकी घराच्या छतापेक्षा फूटभर खाली असेल तर तुमचा स्लॅब संकन आहे, आणि पाइप तुमच्याच कोब्यात आहेत. छत सरळ असेल आणि त्याखाली तुमचे पाइप लोंबत असतील, तर मात्र अर्धं काम काकूंच्या बाथरूममधून करावं लागेल. तेव्हा ‘खालच्या सदनिकेत अमुक दिवस प्रवेश लागेल’ हे पत्रात यायलाच हवं, आणि त्यासाठी काकूंची वेगळी लेखी संमती. हे न बघता लिहिलेला अर्ज मध्येच अडकतो.

काय करणार हे लिहून झालं की काय करणार नाही तेही लिहा. माझ्या मते अख्ख्या पत्रातला हा सगळ्यात कामाचा परिच्छेद. ‘कॉलम, बीम आणि स्लॅब यांना हात लावणार नाही. कोणतीही भिंत पाडणार किंवा सरकवणार नाही. बाथरूम आणि मोरीची जागा बदलणार नाही. डक्टमधल्या सामाईक पाइपला धक्का लावणार नाही. बाहेरच्या दर्शनी भागात, खिडक्यांत, ग्रिलमध्ये बदल नाही.’ हे वाचलं की कमिटीचे निम्मे प्रश्न गळून पडतात. मुंबईत याला आणखी एक बाजू आहे. महापालिका अधिनियमाच्या कलम ३४२ मध्ये फरशा बदलणं, न्हाणीघर-संडासाची दुरुस्ती, सांडपाण्याचे पाइप आणि नळजोड बदलणं ही कामं साध्या, ‘टेनंटेबल’ दुरुस्त्यांत मोडतात. भिंत पाडणं, बाथरूम बेडरूमच्या जागी नेणं यांत मोडत नाही. तुमचं काम पहिल्या गटातलं आहे हे पत्रातून दिसलं पाहिजे. वॉर्ड ऑफिसला आधी कळवायची तुमच्या सोसायटीची पद्धत असेल, तर ती प्रत कोण देणार हेही सेक्रेटरींना विचारून घ्या.

पण लिहायच्या आधी खरंच तसं आहे ना, ते बघा. कन्सील्ड पाइपसाठी भिंतीत झिरी मारावी लागते. ती भिंत विटेची असेल तर ठीक, काँक्रीटची असेल तर नाही. कंत्राटदाराला ड्रिलने एक छोटं भोक पाडायला सांगा आणि खाली पडणारी भुकटी बघा. प्लास्टरचा पहिला थर गेल्यावर लाल आली तर वीट. पांढुरकी, हलकी आली तर हलक्या ब्लॉकची भिंत. राखाडी आली आणि ड्रिल जोर मारूनही पुढे जाईना, तर तिथे कॉलम किंवा काँक्रीटची भिंत आहे, तिथून पाइप न्यायचा नाही. अलीकडच्या बऱ्याच टॉवरांत तर आतल्या भिंतीही काँक्रीटच्या ओतलेल्या असतात. तिथे झिरी म्हणजे सरळ सळयांवर घाव. तुमची इमारत तशी नसावी, पण भोक पाडून बघायला पाच मिनिटं लागतात.

आता डेब्रिज. याबद्दल अर्जात कुणीच लिहीत नाही, आणि सगळ्यात जास्त भांडणं यावरूनच होतात. म्हणून जरा सविस्तर सांगते.

तुमची एक बाथरूम चार बाय सात फूट धरू. संकन एक फूट, म्हणजे कोबाच २८ घनफूट. भिंतींचा घेर २२ फूट, सात फूट उंचीपर्यंत टाइल्स, त्यातून दरवाजा वजा केला तर साधारण १३७ चौरस फूट. टाइल, तिच्यामागचा मसाला आणि प्लास्टर मिळून सव्वा इंच जाडी धरली तर आणखी १४ घनफूट. बेरीज ४२. हा झाला भिंतीत-जमिनीत बसलेला माल. फोडल्यावर तो फुगतो, साधारण साठ घनफूट होतो. सिमेंटच्या रिकाम्या गोणीत उचलता येईल इतका माल भरला तर पाऊण घनफूट मावतो आणि गोणी अठ्ठावीस-तीस किलोची होते. म्हणजे एका बाथरूमच्या ऐंशी गोण्या, वजन सव्वादोन टन. दोन बाथरूमच्या १६०. किचनचा ओटा आणि त्यावरच्या टाइल्स मिळून आणखी तीसेक. एकूण १९० गोण्या, पाच टनांच्या वर. ब्रासच्या हिशोबात जवळजवळ दीड ब्रास.

हा आकडा पत्रात लिहायचा, कारण तो लिहिला की पुढचं सगळं आपोआप लिहावं लागतं. गोण्या ठेवणार कुठे? तुमच्या हॉलमध्ये. पण कशा? राहत्या घराचा स्लॅब साधारणपणे प्रत्येक चौरस मीटरला दोनशे किलो वापराचा भार धरून डिझाइन केलेला असतो. एका दिवसात चाळीस गोण्या निघाल्या आणि मजुरांनी त्या हॉलच्या मधोमध दोन चौरस मीटरच्या ढिगात रचल्या, तर तिथे चौरस मीटरला साडेपाचशे किलो होतात. त्याच चाळीस गोण्या दहा चौरस मीटरवर, एका थरात, भिंतीच्या कडेने पसरल्या तर एकशे दहा किलोच्या आसपास राहतात. मजूर ढीगच करतात, कारण मधोमध टाकणं सोपं. तुम्ही पत्रात ‘डेब्रिज एका थरात भिंतीलगत ठेवू आणि रोज संध्याकाळी खाली नेऊ’ असं लिहिलं की कंत्राटदाराकडून तसं करून घेणं तुम्हाला भाग पडतं. कमिटीतला एखादा इंजिनीअर ते वाक्य वाचून खूश होतो ते वेगळंच.

लिफ्ट वापरू देतात का, ते आधी विचारा. सहा माणसांच्या लिफ्टची क्षमता ४०८ किलो असते. दहा गोण्या आणि एक मजूर एवढंच न्यायचं, म्हणजे १९० गोण्यांना एकोणीस खेपा. लिफ्टच्या तळाला आणि बाजूंना प्लायवूड लावायचं. सोसायटी नाही म्हणाली तर जिना, आणि मग तोडफोडीचे दिवस वाढतात, ते कालावधीत धरा. खाली आल्यावर गोण्या फुटपाथवर किंवा गेटबाहेर टाकायच्या नाहीत. कंत्राटदार स्वतः उचलणार असेल तर कुठे नेणार ते त्याच्याकडून लिहून घ्या. नाहीतर महापालिकेची ‘डेब्रिस ऑन कॉल’ सेवा आहे. ‘आमचा माणूस घेऊन जातो’ हे उत्तर मी ऐकलंय. तो माणूस खाडीकडे घेऊन जातो.

कालावधी लिहिताना लोक ‘अंदाजे एक महिना’ लिहितात आणि दोन महिने घेतात. दोन वेगळे आकडे द्या: कामाचे एकूण दिवस आणि आवाजाचे दिवस. शेजाऱ्यांना दुसराच आकडा हवा असतो. तुम्ही घरात राहणार नाही, हे फार सोयीचं आहे. दोन्ही बाथरूम एकदम फोडता येतील. तोडफोड पाच दिवस. भिंतीत झिऱ्या मारणं दोन दिवस. पुढे टाइल्स बसवताना कटिंगचा आवाज मिळून चारेक दिवस. पंचेचाळीस दिवसांच्या कामात कान किटतील असे दिवस अकराच. हे अकरा दिवस तारखा घालून लिहिले की दहावीच्या परीक्षेला बसलेल्या मुलाची आईसुद्धा ‘चालेल’ म्हणते, कारण तिला त्या दिवसांत मुलाला अभ्यासिकेत पाठवता येतं. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत रात्र म्हणजे दहा ते सहा. पण त्यावर विसंबून संध्याकाळी आठला ब्रेकर चालवू नका. सोसायटीने ठरवलेल्या वेळा त्याहून कडक असतात आणि तुम्हाला त्याच पाळायच्या आहेत.

उरलेले चौतीस दिवस कशात जातात, हे काकूंना समजलं पाहिजे, कारण त्यातच त्यांचं छत आहे. कोबा काढला की उघडा स्लॅब दिसतो. तो धुऊन, कोपरे मसाल्याने गोल करून, वॉटरप्रूफिंगचे थर द्यायचे. ते वाळले की ट्रॅप बंद करून खळग्यात पाणी साठवून ठेवायचं. बहात्तर तास. भिंतीवर पाण्याच्या पातळीशी पेन्सिलीने खूण करायची आणि रोज बघायचं. उडून जाणारं पाणी अगदी थोडं असतं, पातळी बोटभर उतरली तर कुठेतरी जिरतंय. आणि खरी परीक्षा वर नसते, खाली असते. काकूंच्या छताकडे चोवीस, अठ्ठेचाळीस आणि बहात्तर तासांनी बघायचं, त्यांच्यासमोर. मग पाइप टाकून, त्यांना दाब देऊन, कोबा भरून, वरून पुन्हा वॉटरप्रूफिंग आणि पुन्हा पाणी. टाइल त्यानंतर. कंत्राटदार दुसरी चाचणी टाळायला बघतात, कारण त्यांचे तीन दिवस मोडतात. ती पत्रात तारखेसह आली की टाळता येत नाही.

इथे आमच्या इमारतीतली एक गोष्ट. एका सभासदाने ‘बाथरूम दुरुस्ती’ एवढंच लिहून परवानगी घेतली. ती दिली मीच, नवी होते. काम संपल्यावर महिनाभराने खालच्यांनी छतावरचा पिवळट डाग दाखवला. वरचे म्हणाले, तो आधीपासूनच होता. खालचे म्हणाले, नव्हता. कुणाकडे फोटो नव्हता. दीड वर्ष प्रत्येक सभेत तो डाग हजर असायचा. तेव्हापासून मी काम सुरू व्हायच्या आधी खालच्या घरात स्वतः जायला लागले. छताचे फोटो काढायचे. आधीचा डाग असेल तर त्याच्या कडेने पेन्सिलीने रेघ ओढून आत तारीख घालायची. दोघांच्या सह्या एका कागदावर. पुढे डाग रेघेच्या बाहेर गेला तर वाद उरत नाही, आणि गेला नाही तरी उरत नाही. हे तुम्ही स्वतःहून करा आणि पत्राला जोडा. टॉयलेट-सिंकमधून होणाऱ्या आतल्या गळतीचा खर्च आदर्श उपविधींप्रमाणे ज्याच्या घरातून गळतं त्यानेच करायचा असतो, त्यामुळे ही रेघ काकूंच्या इतकीच तुमच्याही उपयोगाची.

कंत्राटदाराबद्दल नाव आणि मोबाइल एवढंच लिहू नका. कमिटीला तीन माणसं हवी असतात: ज्याने काम घेतलं तो, रोज साइटवर हजर राहणारा मिस्त्री, आणि प्लंबर. रविवारी पाइप फुटला तर मालक गावाला असतो, मिस्त्रीचा नंबर लागतो. प्लंबर परवानाधारक असेल तर परवान्याची प्रत. किती मजूर येणार, रात्री कुणी राहणार नाही, ओळखपत्रांच्या प्रती वॉचमनकडे. आधारची प्रत देताना पहिले आठ अंक झाकलेली द्या, वॉचमनच्या वहीत लोकांचे आधार उघडे पडलेले मी पाहिलेत. मजुरांचा विमा आहे का, हेही विचारा. मजूर पडला तर भरपाईचा प्रश्न तुमच्या दारात येतो. विमा नसेल तर ‘आहे’ असं लिहू नका. कामगारांची जबाबदारी कंत्राटदाराची आहे, असं त्याच्याच सहीचं पत्र घेऊन जोडा आणि त्याला विमा काढायला लावा. किचनमध्ये पाइप गॅस असेल तर त्या पाइपला कंत्राटदाराने हात लावायचा नाही. ओटा काढायच्या आधी गॅस कंपनीचा माणूस बोलावायचा.

आता पत्रच लिहून देते. मोजमापं आणि तारखा तुमच्या घाला.

*प्रति, मा. सचिव, ........ सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित, मुलुंड.*

*विषय: सदनिका क्र. ४०२ मधील दोन बाथरूम व किचन ओट्याच्या नूतनीकरणास परवानगी मिळण्याबाबत.*

*महोदय, मी वरील सदनिकेची सभासद असून दि. .... च्या माझ्या अर्जावरील आपल्या शेऱ्यानुसार हा तपशीलवार अर्ज देत आहे.*

*दोन्ही बाथरूममधील (प्रत्येकी ४ × ७ फूट) भिंतीच्या व जमिनीच्या टाइल्स आणि संकन भागातील कोबा स्लॅबच्या पृष्ठभागापर्यंत काढणार आहे. स्लॅबवर वॉटरप्रूफिंग, नवीन नहाणी ट्रॅप व सांडपाण्याचे पाइप, पाण्याचे नवे कन्सील्ड पाइप, कोबा, वरचे वॉटरप्रूफिंग व टाइल्स अशी कामे होतील. किचनमध्ये ओटा व त्यावरील टाइल्स बदलणार आहे. सिंक व मोरीची जागा तीच राहील. हॉल व बेडरूमच्या फरशीला हात लावणार नाही.*

*कॉलम, बीम व स्लॅब तोडणार, छेदणार किंवा खोदणार नाही. कोणतीही भिंत पाडणार नाही. बाथरूमची जागा व आकार बदलणार नाही. डक्टमधील सामाईक पाइप, दर्शनी भाग, खिडक्या व ग्रिल यांत बदल करणार नाही. कोबा काढण्यासाठी लहान चिपिंग मशीन वापरू. स्लॅबपासून दोन इंच वर आल्यानंतर फक्त छिन्नी-हातोडा वापरू.*

*काम दि. .... ते दि. .... असे ४५ दिवस चालेल. तोडफोडीचे ५ दिवस दि. .... ते ...., झिऱ्या मारण्याचे २ दिवस दि. .... व ...., टाइल कटिंगचे सुमारे ४ दिवस दि. .... ते .... या काळात येतील. आवाजाचे काम संस्थेने ठरवलेल्या वेळेतच करू. रविवारी व सुट्टीच्या दिवशी करणार नाही. पाणी साठवून चाचणी दोनदा, दि. .... व दि. .... पासून प्रत्येकी ७२ तास घेऊ. त्या काळात सदनिका क्र. ३०२ चे छत त्यांच्या सोयीने पाहू द्यावे, अशी त्यांना विनंती केली आहे. मुदत वाढवावी लागल्यास किमान ५ दिवस आधी लेखी कळवीन.*

*अंदाजे १९० गोण्या डेब्रिज निघेल. ते सदनिकेतच एका थरात भिंतीलगत ठेवून रोज संध्याकाळी खाली नेऊ. जिना, पॅसेज व आवारात रात्री ठेवणार नाही. लिफ्ट वापरण्यास परवानगी असल्यास एका वेळी १० गोण्यांपेक्षा जास्त नेणार नाही. विल्हेवाट .... मार्फत होईल.*

*कंत्राटदार: ...., पत्ता ...., मोबाइल ..... साइटवरील मिस्त्री: ...., मोबाइल ..... परवानाधारक प्लंबर: ...., परवाना क्र. ..... रोज जास्तीत जास्त ६ कामगार. रात्री कोणीही राहणार नाही.*

*या कामामुळे संस्थेच्या मालमत्तेचे किंवा अन्य सदनिकेचे नुकसान झाल्यास ते माझ्या खर्चाने दुरुस्त करून देईन. तरी लेखी परवानगी मिळावी, ही विनंती.*

*सोबत: बाथरूम व किचनचा हाताने काढलेला मोजमापांचा आराखडा, सदनिका क्र. ३०२ च्या छताची फोटोंसह संयुक्त नोंद, कंत्राटदाराचे पत्र, प्लंबरच्या परवान्याची प्रत.*

*आपली विश्वासू, (सही)*

पत्रातलं छिन्नी-हातोड्याचं वाक्य बघा. ते कंत्राटदाराला आवडणार नाही, कारण मशीनने दोन तासांत होणारं काम हाताने दिवसभर चालतं. पण स्लॅबवर फक्त दोन-तीन सेंटिमीटर काँक्रीटच्या खाली सळया असतात. मशीन एकदा आत गेलं की सळई उघडी पडते, आणि वीस वर्षांच्या स्लॅबमध्ये तिथूनच गंज धरतो. कामावर जाल तेव्हा शेवटच्या थराच्या दिवशी तिथेच उभ्या राहा. सळई दिसली तर काम थांबवून सोसायटीला कळवा आणि इंजिनीअरला दाखवा. लगेच मसाल्याने झाकून टाकायला मिस्त्री उत्सुक असतो.

काम करताना मनात नवीन काहीतरी येतंच. ‘आता फोडलंच आहे तर ही अर्धी भिंत पण काढू का?’ असं मिस्त्री तिसऱ्या दिवशी विचारतो. त्या वाढीव कामाचं दोन ओळींचं का होईना, पूरक पत्र द्या आणि उत्तर येईपर्यंत थांबा. परवानगी जेवढ्या कामाची मिळाली, तेवढ्याचीच असते.

अर्जाच्या दोन प्रती करा. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का आणि सही घ्या. वॉचमनच्या हातात देऊन येऊ नका, तो ‘दिला होता मॅडम’ म्हणतो आणि कागद रजिस्टरखाली पडलेला असतो. सोसायटीच्या अधिकृत ईमेलवरही पाठवा. कमिटीची सभा कधी आहे ते विचारून तिच्या आठवडाभर आधी दिलात तर बरं. ठेव मागितली तर तिच्यासाठी सर्वसाधारण सभेचा ठराव आहे का ते विचारा, परत मिळणारी आहे असं पावतीवर लिहून घ्या, आणि कोणत्या पाहणीनंतर मिळणार तेही. परवानगीपत्र आलं की त्याची झेरॉक्स दारावर लावा, खाली मिस्त्रीचा नंबर. निम्मे लोक त्यामुळे तुम्हाला फोन करायच्या ऐवजी थेट त्याला करतात.

राहता राहिल्या काकू. परवानगी नाकारायचा अधिकार त्यांना नाही, तो कमिटीचा आहे, आणि कमिटी नाही म्हणाली तर कारण लेखी मागा. पण अर्ज ऑफिसात द्यायच्या आधी त्याची प्रत घेऊन एकदा त्यांच्याकडे जा. छताचे फोटो काढायला जायचंच आहे, पेन्सिल बरोबर न्या.